पाहुणे दारात आले, आता नमस्कार कसा करायचा? मुलगी बघण्याच्या पहिल्या भेटीबद्दल बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोयरिकी जुळवण्याच्या कामात बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागांतून फोनवर आणि व्हॉट्सॲपवर जे प्रश्न परत परत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. पत्रिका, मानपान, याद्या हे विषय इथे नाहीत. दारात गाडी थांबल्यापासून पोह्यांची बशी हातात येईपर्यंतच्या वेळेपुरतंच हे पान आहे. आपल्याकडे या थोड्या वेळातच जास्त गोंधळ होतो, कारण एकाच घरात वडील मराठी, आज्जी कन्नड, मामा चंदगडकडचे आणि काकू गोव्याच्या असू शकतात. प्रत्येकाची रीत थोडी वेगळी असते आणि ती कुणी आधी सांगत नाही.

१. नमस्कार आधी कुणी करायचा, आलेल्यांनी की घरच्यांनी?

घरच्यांनी. गाडीचा आवाज आला की मुलीचे वडील आणि बरोबर एखादा काका किंवा मामा, असे दोघंतिघं फाटकापर्यंत यावेत आणि हात जोडून "या, या" म्हणावं. सगळी गल्ली दारात उभी करू नये. आलेल्यांना कुणाकडे बघून हात जोडावेत तेच कळत नाही, आणि शेजारच्या मावशींना मुलीची आई समजून वाकून नमस्कार केला जातो. आई फाटकावर यायलाच हवी असं नाही. ती सोप्यात किंवा उंबऱ्याच्या आत उभी असली तरी रीतीला धरून आहे.

आलेल्यांमध्ये पुढे मध्यस्थ, त्यांच्या मागे घरातलं सगळ्यात मोठं माणूस, मग मुलाचे आईवडील आणि त्यांच्याबरोबर मुलगा असा क्रम ठेवावा. फाटकावर फक्त हात जोडायचे. पाया पडणं घरात गेल्यावर, चपला काढून झाल्यावर (प्रश्न ३ पाहा).

इथे एक चूक हमखास होते. गाडी मुलगाच चालवत आलेला असतो. सगळे उतरून आत जातात आणि तो बिचारा गाडी लावायला जागा शोधत राहतो. पाच मिनिटांनी तो एकटा दारात येतो, तोवर सगळ्यांची ओळख झालेली असते आणि ज्याच्यासाठी बैठक आहे तोच चौकटीत अवघडून उभा राहतो. गाडी लागेपर्यंत सगळ्यांनी फाटकाशी थांबावं. दोन मिनिटं उन्हात उभं राहावं लागलं तरी चालेल.

२. दारात हातपाय धुवायला पाणी देतात, मग गूळ-पाणी देतात. गाडीने आलोय, पाय स्वच्छ आहेत. नको म्हटलं तर चालेल का?

नको म्हणू नका. खेड्यातल्या घरांत अंगणात बादली, तांब्या आणि टॉवेल काढून ठेवलेला असतो. तो तुमच्यासाठी मुद्दाम मांडलेला आहे. पायावर तांब्याभर पाणी घ्या, तोंडावर हात फिरवा, झालं. टॉवेल धरून जो मुलगा उभा असतो तो बहुधा मुलीचा धाकटा भाऊ. त्याच्याशी एक शब्द बोललात तर घरात लगेच कळतं.

आत बसल्यावर आधी पाणी येतं, बऱ्याच घरांत बरोबर गुळाचा खडा किंवा शेंगदाणे-गूळ असतो. गूळ थोडा तरी तोंडात टाकावा. मधुमेह असेल तर वाटीला हात लावून "पथ्य आहे" असं साधं सांगावं, वाटी दूर सारू नये. फुलपात्र किंवा ग्लास प्रत्येकाला वेगळा असेल तर नेहमीसारखं प्यावं. मध्ये एकच तांब्या ठेवला असेल तर मात्र तोंड लावायचं नाही, वरून प्यायचं किंवा फुलपात्र मागून घ्यायचं. जुन्या माणसांची नजर इथे असते. तांब्याला ओठ लागला तर कुणी काही बोलत नाही, पण तो तांब्या लगेच उचलून आत जातो.

३. पाया कुणाच्या पडायचं आणि कुठल्या क्रमाने?

मुलाने घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसापासून सुरुवात करावी. आज्जा-आज्जी असतील तर आधी ते, मग मुलीचे वडील, आई, मग थोरले काका-काकू. तिथे थांबावं. वीस माणसं बसली असतील तर वीसही जणांच्या पाया पडत फिरू नये, बाकीच्यांना एकदाच सगळ्यांकडे बघून हात जोडावेत. मुलीच्या वहिनी, बहिणी, भाऊ यांना नुसता नमस्कार.

वेळ कधी साधायची, हे क्रमाइतकंच महत्त्वाचं. चपला निघाल्या, वडीलधारे जागेवर बसले आणि पाणी अजून आलेलं नाही, ही योग्य वेळ. हातात कप असताना कुणाच्या पाया पडलं तर तो माणूस एका हाताने कप सावरत दुसऱ्याने आशीर्वाद देतो आणि बशीतला चहा सांडतो. उंबऱ्यावर उभ्या माणसाच्या पाया पडू नये. आज्जा आजारी असून कॉटवर आडवे असतील तर त्यांच्या पायांना हात लावू नये. झोपलेल्याच्या पाया पडणं आपल्याकडे अशुभ मानतात. जवळ जाऊन हात जोडावेत, ते उठून बसले तर मग वाकावं.

कुणी "राहू दे, राहू दे" म्हणून मधेच हात धरला तर तिथेच थांबा. तो मान दिल्याचाच भाग आहे. हट्टाने पुन्हा वाकू नका.

४. मुलीने आलेल्या सगळ्यांच्या पाया पडायलाच हवं का?

हे आदल्या दिवशीच घरात ठरवा आणि मध्यस्थांच्या कानावर घाला. आजही बहुतेक घरांत मुलगी बाहेर येते, आधी ट्रे ठेवते, मग मुलाच्या आज्जा-आज्जीच्या आणि आईवडिलांच्या पाया पडते. मुलाच्या पाया पडत नाही, त्याला हात जोडते, आणि त्यानेही लगेच उठून हात जोडायला हवेत. मुलगा बसूनच मान हलवतो तेव्हा मुलीकडच्या बायकांना ते सगळ्यात जास्त खटकतं. मी म्हणेन, यात त्यांचं बरोबर आहे.

काही मुली मला सांगतात की पाया पडायला आमची हरकत नाही, पण मुलगा आमच्या आईबाबांच्या पाया पडणार नसेल तर आम्हीही पडणार नाही. ही मागणी योग्य आहे. मध्यस्थाने दोन्हीकडे फोन करून "दोघंही मोठ्यांच्या पाया पडतील" किंवा "दोघंही हात जोडतील" असं एकच ठरवून घ्यावं. भर बैठकीत एकाने वाकायचं आणि दुसऱ्याने नाही, असं झालं की पुढची सगळी बैठक त्याच सावलीत जाते.

आशीर्वाद देणाऱ्या मोठ्यांना एक विनंती. पहिल्याच भेटीत "अखंड सौभाग्यवती भव" किंवा "आमच्या घरात ये" असं तोंडून जाऊ देऊ नका. मुलीकडचे त्याचा अर्थ होकार असा घेतात. "सुखी राहा", "शिकून मोठी हो" पुरे.

५. मुलीच्या आईवडिलांना काय म्हणून हाक मारायची? मामा-मामी म्हणू का?

काका-काकू म्हणा. आपल्या भागात सासऱ्यांना "मामा" म्हणणारी घरं पुष्कळ आहेत, आणि कन्नड घरांत "माव" हा मामाही असतो आणि सासराही, "अत्ती" ही आत्याही आणि सासूही. पहिल्या भेटीत मुलीच्या वडिलांना मामा म्हटलं की कोपऱ्यात बसलेल्या वहिन्या एकमेकींकडे बघून हसतात आणि मुलीला आत जाऊन चिडवतात. ठरल्यावर म्हणायला आयुष्य पडलंय.

वयस्कर माणसांना त्यांच्या घरात जी हाक आहे तीच मारली तर चालते. सगळे "अण्णा" म्हणत असतील तर तुम्हीही अण्णा म्हणा. आडनावाला "साहेब" जोडणं शहरात ठीक आहे, खेड्यात ते परकं वाटतं.

६. मुलीची आज्जी फक्त कन्नड बोलते आणि आम्हाला कन्नड येत नाही. काय करायचं?

हा प्रश्न गडहिंग्लज, आजरा, कोल्हापूरकडून येणाऱ्या मंडळींचा. घाबरायचं काही नाही, कारण बेळगाव भागातल्या बहुतेक कन्नड आज्ज्यांना मराठी बऱ्यापैकी समजतं, बोलायला तेवढं येत नाही. जवळ जाऊन "नमस्कार री, अज्जी" म्हणून पाया पडा. तब्येत विचारायची तर "आराम इद्दीरी?" पुरतं. येत नाही तेही कन्नडमध्येच सांगता येतं, "ननग कन्नड बरूदिल्री". एवढ्यावर थांबा. पाठ केलेली मोठी वाक्यं म्हटली की आज्जी खूश होऊन सलग पाच मिनिटं बोलते आणि मग तुमची पंचाईत होते.

तो "री" विसरू नका. उत्तर कर्नाटकात आदर त्या "री"मध्येच असतो. या म्हणायचं तर "बर्री", हो म्हणायचं तर "हौद्री". बाजारात किंवा साइटवर कन्नड शिकलेली मुलं सवयीने "बा" म्हणतात, म्हणजे आपलं "ये". ते आज्जीला म्हणणं म्हणजे मराठीत आज्जीला "ए, इकडे ये" म्हणण्यासारखं आहे. अर्धवट कन्नड बोलून अनादर होण्यापेक्षा मराठीत "आज्जी, बऱ्या आहात ना?" विचारलेलं चांगलं.

मुलीकडच्यांसाठीही सांगतो. पाहुणे समोर असताना आपापसात कन्नडमध्ये बोलू नका, मग ते "साखर कमी आहे का बघ" एवढंच असलं तरी. समोरच्याला वाटतं आपल्याबद्दलच चाललंय. आज्जी काही म्हणाली तर शेजारी बसलेल्याने लगेच मराठीत सांगावं, आणि हे काम कुणी करायचं ते आधीच नेमून ठेवावं.

७. जैन, लिंगायत, वारकरी घरांत नमस्कार वेगळा असतो का?

हात जोडून "नमस्कार" सगळीकडे चालतो. पण समोरून जे येईल तेच परत दिलं तर बरं दिसतं. चिकोडी-निपाणीकडच्या जैन घरांत "जय जिनेंद्र" म्हणतील, तुम्हीही "जय जिनेंद्र" म्हणा. लिंगायत घरातले वडीलधारे "शरणु शरणार्थी" म्हणतील, "शरणार्थी" म्हणून हात जोडा. माळकऱ्याच्या घरात "राम कृष्ण हरी", आणि तिथे वयाने धाकटा माळकरीही उलट तुमच्या पाया पडेल. त्याला अडवू नका, तुम्हीही वाका.

८. रविवारी संध्याकाळी पाचला येतो म्हटलं तर मुलीकडचे कुरकुरले. का?

राहुकाळामुळे. सूर्योदय सहाचा धरला तर रविवारचा राहुकाळ दुपारी ४.३० ते ६ असा येतो. महाराष्ट्रातली बरीच घरं याकडे फारसं बघत नाहीत, पण कर्नाटकात, त्यातही कन्नड किंवा मिश्र घरांत, शुभ कामाची सुरुवात राहुकाळात करायला तयार नसतात. सुट्टी म्हणून सगळे रविवार धरतात आणि दुपारचं जेवण, विश्रांती आटोपून नेमके पाचला पोचतात. मुलीकडची आज्जी तोंडाने काही म्हणत नाही, पण मुलीला सहा वाजेपर्यंत बाहेर येऊ देत नाही आणि इकडे पाहुण्यांना वाटतं मुलगी तयारच नाही.

उपाय सोपा आहे. सकाळी साडेदहा-अकराला या, नाहीतर दुपारी चारच्या आत घरात पाऊल टाका. एकदा बैठक सुरू झाली की पुढे राहुकाळ लागला तरी मानणारेही हरकत घेत नाहीत, अडतं ते फक्त आरंभाला. शनिवारी जायचं असेल तर राहुकाळ ९ ते १०.३० असतो, तोही टाळा. तुमचा विश्वास असो नसो, वेळ ठरवताना "तुमच्या सोयीची वेळ सांगा" एवढं विचारलं की प्रश्नच उरत नाही.

९. सगळं एकदा क्रमाने सांगाल का? कुणी कुठे उभं राहायचं तेच डोळ्यासमोर येत नाही.

एक उदाहरण घेऊ. मुलगा गडहिंग्लजचा, पुण्यात नोकरीला. मुलगी खानापूर तालुक्यातल्या एका गावची, वडील मराठी शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, आज्जी माहेरची बैलहोंगलची, म्हणजे कन्नड. येणारे पाच जण: मुलगा, आईवडील, आत्या आणि मध्यस्थ. वेळ रविवारी सकाळी अकराची.

संकेश्वरला महामार्गाला लागल्यावर मध्यस्थ एक फोन करतात आणि बेळगाव सोडल्यावर दुसरा. या दुसऱ्या फोनवर घरात पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतात, म्हणून तो विसरायचा नाही. गाडी थांबते. मुलीचे वडील आणि मामा फाटकावर येतात. मध्यस्थ पुढे होऊन फक्त दोन नावं सांगतात, "हे मुलाचे वडील, हे मुलीचे वडील". बाकीच्यांची ओळख फाटकावर करायची नाही. दोघं वडील हात जोडतात, मुलगा गाडी लावून येईपर्यंत सगळे तिथेच थांबतात.

अंगणात पाय धुऊन सगळे सोप्यात येतात. चपला दाराबाहेर, जोडीने, वाटेत नाहीत. इथे मुलीच्या मामाचं काम सुरू होतं. कुणी कुठे बसायचं हे त्याने हाताने दाखवायचं. मुलाचे वडील आणि मध्यस्थ भिंतीकडच्या खुर्च्यांवर, आई आणि आत्या आज्जीच्या कॉटजवळ, मुलगा मुलीच्या वडिलांच्या समोर दिसेल असा. पाहुण्यांनी आपण होऊन आज्जीच्या कॉटवर बसू नये आणि झोपाळा असेल तर त्यावरही नाही. आज्जी खाली चटईवर बसली असेल तर मुलाने लगेच खुर्चीवर चढून बसू नये, आधी खाली वाकून तिच्या पाया पडावं, मग सांगतील तिथे बसावं.

मुलगा आज्जीपाशी जातो, "नमस्कार री अज्जी" म्हणतो, मग मुलीच्या वडिलांच्या आणि आईच्या पाया पडतो. मामा हात धरतो, "बसा की ओ". पाणी येतं, गूळ येतो. आता मध्यस्थ सगळ्यांची ओळख करून देतात, आधी आलेल्यांची, मग घरच्यांची, आणि प्रत्येकाचं नातं सांगतात, नुसतं नाव नाही. आत्याची ओळख नीट करून द्यायची, कारण तिच्या मताला घरात वजन असतं आणि ती कोण हे न कळल्याने तिला पाणी शेवटी गेलं तर ते ती लक्षात ठेवते.

मग मुलीचे वडील पहिला प्रश्न विचारतात, "आजोळ कुठलं?" मुलाने "चंदगड" एवढंच म्हणून थांबू नये. गाव, मामांचं आडनाव, जमलं तर कुलदैवत जोतिबा की खंडोबा की यल्लम्मा, हे सांगावं. जुन्या माणसांना यातून धागा सापडतो. "म्हणजे मंगसुळीच्या खंडोबाला जाता काय?" असं कुणी म्हणालं की बैठक सैल झाली असं समजा. पगार, फ्लॅट, गाडी हे विषय या टप्प्यावर कुणीच काढू नयेत, मुलाच्या वडिलांनीही आपण होऊन नाही.

हे सगळं व्हायला दहा-बारा मिनिटं लागतात. त्यानंतर मामा आत बघून खूण करतो आणि मुलगी बाहेर येते. तिच्याबरोबर वहिनी किंवा बहीण यावी. पाच माणसांच्या चहाचा भरलेला ट्रे एकटीच्या हातात देऊ नका. हात थरथरतात, आणि त्याचा सोयरिकीशी काही संबंध नसतो.

१०. पहिल्यांदा जाताना काय न्यावं? ओटीचं सामान बरोबर ठेवू का?

पाव-अर्धा किलो पेढे किंवा बेळगावचा कुंदा, नाहीतर फळं. घरात लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी बिस्किटांचे पुडे. मिठाई मुलाच्या आईने मुलीच्या आईच्या हातात, पाणी पिऊन झाल्यावर द्यावी. दारातच कुणाच्याही हातात कोंबू नये आणि मुलीच्या हातात तर मुळीच देऊ नये.

खण-नारळ मात्र नेऊ नका. मुलीला पाटावर बसवून कुंकू लावणं, ओटी भरणं, हातावर रुपये ठेवणं याचा अर्थ बऱ्याच घरांत पसंती झाली असाच घेतात. काही घरांत रिकाम्या हाताने मुलगी बघू नये म्हणून हातावर पैसे ठेवण्याची रीत आहे, पसंती असो वा नसो. तुमच्या घरात तशी रीत असेल तर मध्यस्थांनी ते आधी सांगितलेलं असावं, आणि ते शेवटी, निघताना करावं, सुरुवातीला नाही.

किती जणांनी जावं, हेही याच्याबरोबर विचारतात. चार-पाच पुरे. तिघांनी जाऊ नये असं जुनी माणसं मानतात, म्हणून तिघंच असाल तर मध्यस्थाला बरोबर घ्या.

११. माझे वडील नाहीत, आईच मला घेऊन जाणार आहे. हळदीकुंकवाच्या वेळी तिला डावललं तर?

हा प्रश्न मुलामुलींकडून दोन्ही बाजूंनी येतो आणि प्रत्येक वेळी वाचताना वाईट वाटतं. काही घरांत आलेल्या बायकांना बसल्या बसल्या हळदीकुंकू लावतात आणि विधवा बाईसमोरून करंडा पुढे जातो. ती सगळ्यांसमोर मान खाली घालते, आणि मुलाचा संताप चेहऱ्यावर दिसतो.

मध्यस्थाने मुलीच्या घरी आधीच सांगावं की आई एकट्या आहेत, त्यांनी मुलाला वाढवलंय, त्यांचा मान पहिला. मग त्या घराने दोनपैकी एक करावं. आईंना विचारून सगळ्यांबरोबर त्यांनाही कुंकू लावावं, हल्ली बऱ्याच जणी लावून घेतात. त्यांना नको असेल तर हळदीकुंकू सुरुवातीला काढूच नये, निघताना सगळ्यांनाच फक्त फूल किंवा गजरा द्यावा. वडिलांच्या जागी काका किंवा मामा बरोबर असले तरी पहिला नमस्कार आईला. मुलीनेही पाया पडताना आईपासून सुरुवात करावी (क्रमासाठी प्रश्न ४).

१२. पुण्याकडच्या पाहुण्यांनी विचारलं, "मुलगी मी येतो, मी करतो असं का बोलते?" काय सांगायचं?

बेळगाव-कोल्हापूरकडे मुली असंच बोलतात, ही इथली बोली आहे, हे मध्यस्थाने बैठकीच्या आधीच पाहुण्यांना सांगून ठेवावं. मुलीने त्या दहा मिनिटांपुरती "मी येते, मी जाते" अशी उसनी भाषा बोलू नये. ती प्रत्येक वाक्य मनात तपासते आणि गप्प होते, मग पाहुणे म्हणतात मुलगी बुजरी आहे. पाहुण्यांनीही पहिल्या भेटीत तिचं वाक्य दुरुस्त करू नये. हसत केलेली दुरुस्तीसुद्धा नाही.

१३. सीमाप्रश्नाचा विषय निघाला तर?

पहिल्या दहा मिनिटांत काढूच नका. मराठी घरातही एकाच विषयावर दोन भावांची दोन मतं असतात, आणि मिश्र घरात तर आज्जीचं माहेर आणि सासर दोन बाजूंना असतं. "तुम्ही महाराष्ट्रात कधी येणार?" हा प्रश्न कोल्हापूरकडचे पाहुणे सहज, आपुलकीने विचारतात, पण समोरचे आधी एकमेकांकडे बघतात आणि मग उत्तर देतात.

शहराचं नाव २०१४ च्या नोव्हेंबरपासून सरकारदप्तरी बेळगावी झालं. मराठी घरात बेळगाव म्हणा, कन्नड घरात ते जे म्हणतील ते ऐकून घ्या, दुरुस्ती करू नका. बैठकीची तारीख धरताना १ नोव्हेंबर टाळावा. त्या दिवशी एकीकडे राज्योत्सव आणि दुसरीकडे काळा दिवस असतो, शहरात मिरवणुका आणि बंदोबस्त असतो, आणि घरातल्या एखाद्याला फेरीला जायचं असतं.

१४. मुलगी मामाचीच आहे, लहानपणापासून ओळखतो. मग या औपचारिक नमस्काराची गरज काय?

मामेबहिणीशी लग्न आपल्याकडे आजही होतात, त्यामुळे हा प्रश्न खरा आहे. त्या दिवशी तुम्ही भाचा म्हणून जात नाही, स्थळ म्हणून जाता. नेहमीसारखं थेट स्वयंपाकघरात शिरून मामीच्या हातचं काही उचलून खाल्लंत तर मुलीला "मला बघायला आलाय की नेहमीसारखा आलाय" हे कळत नाही. सोप्यात बसा, पाणी घ्या, मुलगी येईपर्यंत थांबा आणि तिला हात जोडा.

पाया पडण्याचा पेच इथे खरा असतो. काही घरांत भाचा मामाच्या पाया पडत नाही, उलट मामाच भाच्याला मान देतो. तुमच्या घरात तशी रीत असेल तर मामापुढे हात जोडा आणि मामीच्या, आज्जीच्या पाया पडा. आणि तिला विचारायला विसरू नका की ही बैठक तिला हवी आहे का. ओळखीच्या घरात हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

१५. निघायच्या आदल्या दिवशी घरात सुतक आलं, किंवा वाटेत उशीर झाला, तर?

सुतक किंवा सोयर असेल तर लगेच कळवा आणि भेट पुढे ढकला, कारण सांगायला संकोच करू नका. "काम निघालं" असं मोघम सांगितलं की समोरचे त्याचा अर्थ नकार असा लावतात. फोन मध्यस्थाने न करता मुलाच्या किंवा मुलीच्या वडिलांनी स्वतः करावा आणि त्याच फोनवर पुढची अंदाजे तारीख सांगावी.

उशीर अर्ध्या तासाच्या आत असेल तर मध्यस्थाचा एक फोन पुरतो. त्याहून जास्त होणार असेल, विशेषतः रविवारी दुपारी (प्रश्न ८), तर वाट बघणाऱ्यांना विचारा की आज यायचं की दुसऱ्या दिवशी. पोचल्यावर दारातच माफी मागावी, एकदाच आणि वयाने मोठ्या माणसाने. पाचही जणांनी आळीपाळीने घाटातली गर्दी, टायर आणि टोलनाका यांची कथा सांगत बसू नये. पाणी घ्या आणि पुढे चला.